नोकरी सुटली, मग अट सुटली का? कल्याणच्या एका खटल्याची गोष्ट

संशोधनाबद्दल लिहायचं म्हणून हा ब्लॉग सुरू केला खरा, पण गावाकडच्या लोकांना ‘तू नेमकं शिकते तरी काय’ हे सांगणं अजून जमलेलं नाही. कामठ्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. (गोंदियाजवळचं कामठा, नागपूरजवळची कामठी नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं.) या दिवाळीत मात्र उत्तर द्यायची गरज पडली नाही, कारण माझ्या मामेभावाने माझा विषयच कागदाच्या रूपात माझ्या हातात ठेवला.

आमच्या भागात राइस मिल भरपूर. मिलमध्ये तांदळातला काळा, पिवळा, डागी दाणा वेगळा काढणारी मशीन असते, तिला सगळे सॉर्टेक्स म्हणतात. कॅमेरा दाणा बघतो आणि हवेचा झोत खराब दाणा उडवतो. ही मशीन बिघडली की मिल थांबते. भाऊ या मशीन बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तीन वर्षं चार महिने होता. रीतसर राजीनामा दिला, महिन्याची नोटीस भरली आणि गावाजवळच्या एका मिलमध्ये देखभालीच्या कामावर लागला. सोबत आजूबाजूच्या मिलची किरकोळ दुरुस्तीही करणार होता. पंधरा दिवसांत वकिलाची नोटीस आली. करारानुसार नोकरी सोडल्यापासून दोन वर्षं विदर्भ, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात याच प्रकारचं काम कोणाकडेही करता येणार नाही, ताबडतोब काम थांबवा, नाहीतर कोर्टात खेचू. नोटीसची एक प्रत मिलमालकालाही गेली होती.

“ताई, सही तर माझीच आहे. आता का करू?”

सही त्याचीच होती. म्हणून मी त्याला लगेच ‘घाबरू नको’ असं म्हटलं नाही. आधी करार वाचला, आणि मग त्याला एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते. सही केलेला शब्द पाळावा हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं आणि करार कायदाही एरवी तेच म्हणतो. तरी हा एक शब्द असा आहे की तो मोडला तर आपल्याकडचं कोर्ट बहुतेक वेळा मोडणाऱ्याला अडवत नाही. असं का, आणि ‘बहुतेक’ हा शब्द मी का वापरला, हे समजून घ्यायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

पितळेचा धंदा आणि नऊशे रुपये

आपला करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या २७ व्या कलमाचा मथितार्थ असा: कोणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून अडवणारा करार, तो जितका अडवतो तितक्यापुरता रद्दबातल. याला कलमातच एक अपवाद दिलेला आहे. तुम्ही तुमचं दुकान नावलौकिकासकट विकलंत, तर घेणाऱ्याला ‘मी याच भागात पुन्हा हाच धंदा मांडणार नाही’ असं लिहून देऊ शकता, फक्त ती बंदी कोर्टाला वाजवी वाटली पाहिजे. नोकराचा उल्लेख या अपवादात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

इंग्लंडमध्ये तेव्हा नियम वेगळा होता. तिथली कोर्टं १७११ सालच्या एका बेकरीच्या खटल्यापासून बंदी वाजवी आहे का हे तपासत आली होती. मुदत थोडी, इलाखा लहान आणि कारण पटण्याजोगं असेल, तर बंदी चालायची. मग इंग्रजांनीच केलेल्या आपल्या कायद्यात इतकी कडक भाषा कुठून आली? ती आली अमेरिकेतून. न्यूयॉर्क राज्यासाठी डेव्हिड डडली फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवाणी कायद्याच्या संहितेचा एक मसुदा केला होता, त्यातून हे कलम उचललं गेलं. गंमत म्हणजे न्यूयॉर्कने तो मसुदा स्वीकारलाच नाही. कॅलिफोर्नियाने स्वीकारला, तोही १८७२ सालीच. म्हणून आजही नोकरी सोडल्यानंतरच्या बंदीबाबत कॅलिफोर्नियाचा कायदा आपल्या कायद्याला इंग्लंडच्या कायद्यापेक्षा जवळचा आहे.

कायदा होऊन दोन वर्षं झाली आणि कलकत्त्यात त्याची पहिली मोठी परीक्षा झाली. माधवचंद्र परामाणिक विरुद्ध राजकुमार दास, १८७४. दोघांचा धंदा पितळी भांड्यांचा, आपल्याकडे ज्यांना कासार म्हणतात तो. (गोंदिया जिल्हा १९९९ साली ज्या भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्या भंडाऱ्याची ओळखही पितळेचीच, त्यामुळे ही गोष्ट गावात सांगायला सोपी जाते.) माधवचंद्राच्या दुकानामुळे दास मंडळींचा धंदा बसत होता. त्यांनी त्याला सांगितलं, तू या भागातलं दुकान बंद कर, तू कारागिरांना दिलेली उचल आम्ही तुला भरून देतो. रक्कम होती नऊशे रुपये. त्याने दुकान बंद केलं. यांनी पैसे दिले नाहीत. तो कोर्टात गेला आणि हरला.

म्हणजे ज्याने शब्द पाळला तो हरला, ज्यांनी मोडला ते सुटले. आपल्याला हे खटकतं, आणि खटकावंच. पण मुख्य न्यायाधीश रिचर्ड काउच यांचा युक्तिवाद बघा. दुकानवाल्याचं म्हणणं होतं की कायदा फक्त पूर्ण बंदीला अडवतो, मी तर एका भागापुरतीच बंदी मान्य केली होती. काउच म्हणाले, कलमात ‘पूर्ण’ हा शब्द नाही. शिवाय नावलौकिक विकणाऱ्याचा अपवाद हा ठरावीक इलाख्यातल्या, म्हणजे अर्धवट बंदीचाच आहे. अर्धवट बंदी मुळातच चालत असती, तर त्यासाठी वेगळा अपवाद लिहायची गरज काय होती? म्हणून अर्धवट बंदीही रद्द. करारच रद्द, तेव्हा त्यातून पैसे मागायचा हक्कही गेला.

हा खटला दोन दुकानदारांमधला होता. नोकराचा प्रश्न अजून यायचा होता.

चहाचा मळा आणि काळाची रेघ

तो आला १८८५ साली, ब्रह्मपुत्रा टी कंपनीच्या खटल्यात. मळ्यावरच्या नोकराने करारात लिहून दिलं होतं की नोकरी संपल्यावर पाच वर्षं कंपनीच्या मळ्यांपासून चाळीस मैलांच्या आत चहाच्या धंद्यात पडणार नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने ही अट पोकळ ठरवली. कारण साधं होतं. नोकरी संपल्यानंतरच्या अशा अटी इंग्लंडमध्ये सर्वांना माहीत होत्या. तरीही कायदा करणाऱ्यांनी त्या अपवादात घातल्या नाहीत, म्हणजे त्यांना इथे त्या नको होत्या.

पण त्याच निकालात दुसरी बाजूही सांगितलेली आहे. ‘मी अमुक इतकी वर्षं फक्त तुझ्याकडेच काम करीन’ हा करार कायदेशीर आहे. तसं नसतं, तर सकाळी एका मालकाकडे आणि संध्याकाळी त्याच्याच प्रतिस्पर्ध्याकडे काम करणाऱ्याला कोणी बोलूच शकलं नसतं. नोकरी चालू असताना एकनिष्ठ राहणं हा धंद्यावरचा अडथळा नाही, तो नोकरीचाच भाग आहे.

झालं. आपल्याकडची रेघ इथे आखली गेली, आणि ती इलाख्याची किंवा मैलांची नाही, काळाची आहे. कराराची मुदत चालू असतानाची बंदी एका बाजूला, मुदत संपल्यानंतरची दुसऱ्या बाजूला. ऐकायला अगदी सोपं वाटतं. अडचण तेव्हा येते, जेव्हा माणूस मुदत संपायच्या आधीच उठून जातो.

कल्याण ते कोटा

आता आपल्या महाराष्ट्रातला खटला. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीचा कल्याणला सेंच्युरी रेयॉन हा कारखाना. तिथे टायर कॉर्डचा धागा बनायचा, म्हणजे टायरच्या रबराच्या आत जे मजबूत सुतासारखं जाळं असतं त्याचा. हे तंत्र कंपनीला स्वतःचं नव्हतं. जानेवारी १९६१ मध्ये हॉलंडच्या आणि पश्चिम जर्मनीच्या दोन कंपन्यांशी करार करून ते आणलं होतं, १,४०,००० जर्मन मार्क मोजून. परदेशी कंपन्यांची अट होती की हे ज्ञान गुप्त ठेवायचं आणि ज्या नोकरांच्या हाती ते जाईल त्यांच्याकडूनही तसं लिहून घ्यायचं.

म्हणून कंपनीने छापील करार तयार केला. निरंजन शंकर गोलिकरी या तरुणाने १६ मार्च १९६३ रोजी शिफ्ट सुपरवायझर म्हणून रुजू होताना त्यावर सही केली. मुदत पाच वर्षं. त्यातली दोन कलमं आपल्या कामाची. सहाव्या कलमात होतं की कारखान्यातली गुपितं नोकरीत असताना आणि नंतरही बाहेर सांगायची नाहीत. सतराव्या कलमात होतं की पाच वर्षांच्या आत करार मोडून सोडून गेलास, तर उरलेल्या मुदतीत हाच धंदा करणाऱ्या कोणाकडेही काम करायचं नाही, शिवाय सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई द्यायची.

मार्च ते डिसेंबर १९६३ त्याचं प्रशिक्षण झालं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने राजीनामा कळवला. कंपनीने नोव्हेंबरमध्ये लिहिलं, तुझा करार पाच वर्षांचा आहे, कामावर ये. त्याने उत्तर दिलं, मला दुसरी नोकरी लागली. ही दुसरी नोकरी होती राजस्थानातल्या कोट्याला, राजस्थान रेयॉनमध्ये, महिना ५६० रुपयांवर. तिथेही टायर कॉर्डच बनायची.

कंपनीने कल्याणच्या कोर्टात दावा लावला. मागणी तीन गोष्टींची होती: १५ मार्च १९६८ पर्यंत, म्हणजे पाच वर्षं भरेपर्यंत, त्याने राजस्थान रेयॉनमध्ये किंवा तसल्याच दुसऱ्या कारखान्यात काम करू नये, गुपितं फोडू नयेत, आणि सहा महिन्यांच्या पगाराचे २,४१० रुपये द्यावेत. म्हणजे कल्याणला त्याला महिन्याला साधारण चारशे रुपये मिळत होते. चारशेवरून पाचशे साठ. तेव्हाच्या कुठल्याही तरुणाने तेच केलं असतं.

खालच्या कोर्टात तो हरला. मुंबई उच्च न्यायालयात हरला. १७ जानेवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयातही हरला.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा गोंधळले होते. सगळी पाठ्यपुस्तकं सांगतात की आपलं २७ वं कलम नोकराच्या बाजूचं आहे, आणि या विषयावरचा सर्वात जास्त सांगितला जाणारा निकाल मात्र नोकराच्या विरुद्ध! म्हणून न्यायमूर्ती शेलत यांनी नेमकं काय म्हटलं ते सावकाश बघू या.

पहिली गोष्ट, त्यांनी काळाची रेघ कायम ठेवली. करार संपल्यानंतरची बंदी आणि करार चालू असतानाची बंदी यांना एकच माप लावता येणार नाही, असं ते म्हणाले. गोलिकरीवरची बंदी उरलेल्या पाच वर्षांपुरतीच होती, त्यापुढे एक दिवसही नाही. आणि एकतर्फी निघून गेल्याने पाच वर्षांचा करार दीड वर्षाचा होत नाही. मालकाने राजीनामा स्वीकारलाच नव्हता. त्यामुळे ही बंदी मुदतीच्या आतली, आणि आतली बंदी सहसा २७ व्या कलमाच्या कचाट्यात येत नाही.

दुसरी गोष्ट, ‘सहसा’ या शब्दाला त्यांनी अट जोडली. करार फारच जाचक, अवाजवी किंवा एकतर्फी असेल, तर मुदतीच्या आतली बंदीही चालणार नाही. इथे तसं नव्हतं, कारण बंदी फक्त टायर कॉर्डच्या कामापुरती होती. तो दुसरीकडे दुसरं काम करू शकत होता. बंदीमुळे त्याला उपाशी बसावं लागेल किंवा झक मारत कल्याणला परत यावं लागेल, असं पुराव्यावरून दिसत नव्हतं.

हा ‘परत यावं लागेल’ मुद्दा महत्त्वाचा आहे. कोणत्याही माणसाला ‘जा, त्याच्याकडेच काम कर’ असा हुकूम आपलं कोर्ट देत नाही. तसं केलं तर नोकरी आणि वेठबिगारी यात फरक उरणार नाही. कोर्ट फार तर ‘तिकडे काम करू नको’ असं सांगू शकतं. पण सगळी दारं बंद करून एकच उघडं ठेवलं, तर न सांगताही माणूस त्याच दारातून आत जाणार. म्हणून मनाई हुकूम देताना न्यायाधीश बघतात की या माणसाला दुसरं पोट भरायचं साधन उरतं का.

तिसरी गोष्ट, गुपित खरं होतं. त्यासाठी पैसे मोजलेले होते, परदेशी कंपन्यांना लिहून दिलेलं होतं आणि ते या माणसाला नऊ महिने शिकवलेलं होतं.

या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या म्हणून कंपनी जिंकली. पुढच्या काळात मात्र अनेक कंपन्यांच्या वकिलांनी यातली पहिली गोष्ट सोडून दिली आणि नोटीसमध्ये फक्त ‘सर्वोच्च न्यायालयाने अशी अट वैध ठरवली आहे’ एवढंच लिहायला सुरुवात केली. भावाच्या नोटीसमध्येही गोलिकरीचं नाव होतं. त्याची मुदत चालू होती आणि याची संपलेली आहे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

‘सोडणं’ म्हणजे काय?

रेघेच्या पलीकडचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९८० साली आला. सुपरिंटेंडन्स कंपनी मालाची तपासणी, वजन, दर्जा याचे दाखले द्यायची. तिच्या दिल्ली शाखेचे व्यवस्थापक क्रिशन मुरगई. त्यांच्या करारात होतं की कंपनी सोडल्यावर दोन वर्षं, शेवटी जिथे नेमणूक होती तिथे, असलाच धंदा करायचा नाही किंवा प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही. १९७८ च्या अखेरीस कंपनीनेच त्यांना काढलं. त्यांनी दिल्लीतच तसाच धंदा सुरू केला. कंपनी कोर्टात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठापाशी हरली, मग सर्वोच्च न्यायालयातही हरली.

इथे एक बारकावा आहे, जो सांगताना बरेच जण गाळतात. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती तुळजापूरकरांचं. त्यांनी २७ व्या कलमाचा मोठा प्रश्न सोडवलाच नाही. ते म्हणाले, करारात शब्द आहे ‘सोडल्यावर’. सोडणं म्हणजे माणसाने आपण होऊन जाणं, मालकाने काढणं नव्हे. तेव्हा अट लागूच होत नाही, मग ती वैध की अवैध हा प्रश्नच कशाला?

न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी निष्कर्ष मान्य करून वेगळं निकालपत्र लिहिलं आणि मोठा प्रश्न अंगावर घेतला. इंग्लंडमधली वाजवीपणाची कसोटी आपल्याकडे आणता येणार नाही, असं ते म्हणाले. बंदी पूर्ण असो की अर्धवट, मुदत संपल्यानंतरची असेल आणि कलमातल्या अपवादात बसत नसेल, तर ती रद्द. कायदा बदलावा असं कोणाला वाटत असेल, तर तो संसदेने बदलावा. विधी आयोगाने १९५८ सालीच तशी शिफारस केली होती, की वाजवी बंदीला परवानगी द्यावी. संसदेने आजवर ती मानलेली नाही.

सेन यांनी आणखी एक गोष्ट लिहिली, जी मला या सगळ्याचा गाभा वाटते. दुकान विकणारा आणि विकत घेणारा समोरासमोर बसून घासाघीस करतात. विकणाऱ्याला बंदीबद्दल पैसे मिळतात. नोकराच्या हाती मात्र बहुधा छापील कागद येतो. घ्या किंवा सोडा. त्यामुळे दोन्ही बंदींना एक माप लावून चालत नाही. आता मागे जाऊन १८७२ चा अपवाद आठवा. कायद्याने नावलौकिक विकणाऱ्यालाच सूट का दिली आणि नोकराला का नाही, याचं एक उत्तर इथे सापडतं.

बरं, मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. ज्याला आपण शिकवलं, गिऱ्हाईक दाखवलं, तोच उद्या समोर दुकान थाटणार, हे कोणाला आवडेल? कायदा त्याला अगदी मोकळं सोडत नाही. तो दोन गोष्टी वेगळ्या काढतो. कारखान्याचं खरं गुपित, म्हणजे सूत्र, नकाशे, दर ठरवायची पद्धत, लोकांना माहीत नसलेली गिऱ्हाइकांची यादी, हे मालकाचं. ते घेऊन जाणं नोकरी सुटल्यावरही चालत नाही. पण काम करताना हाताला लागलेलं कसब माणसाचं. सॉर्टेक्सचा आवाज ऐकून हवेच्या कुठल्या नळीत बिघाड आहे हे भावाला कळतं. ते त्याच्या कानात आहे, आणि कान कंपनीत ठेवून घरी जाता येत नाही.

बाँड ही वेगळी गोष्ट

भावाच्या करारात आणखी एक कलम होतं: तीन वर्षं भरायच्या आत सोडलं, तर दीड लाख रुपये. अशा अटीला लोक बाँड म्हणतात आणि तिची वर सांगितलेल्या बंदीशी सर्रास गल्लत करतात. ‘असले करार कोर्टात टिकत नाहीत’ असं कुठेतरी वाचून तरुण मुलं वर्षभरात नोकरी सोडतात आणि मग फसतात.

याबाबतचा ताजा निकाल मे २०२५ चा आहे. विजया बँकेने भरती करताना अट घातली होती की किमान तीन वर्षं काम करायचं, नाहीतर दोन लाख रुपये भरायचे. एक अधिकारी २००७ साली रुजू झाला आणि २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत गेला. पैसे त्याने निषेध नोंदवून भरले आणि कोर्टात दाद मागितली. कर्नाटक उच्च न्यायालयात जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. कोर्टाने गोलिकरीचाच धागा पकडला: ही अट मुदतीच्या आतली आहे, दुसरीकडे काम करायला मनाई करत नाही, फक्त लवकर गेल्याची किंमत सांगते. सरकारी बँकेला मधेच रिकामी झालेली जागा भरायला पुन्हा जाहिरात, परीक्षा, मुलाखती असा सगळा खर्च येतो, त्या मानाने ही रक्कम अवाजवी नाही.

याचा अर्थ कोणीही कितीही रक्कम लिहिली तरी ती द्यावी लागेल असा नाही. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. काहीच न शिकवता, काहीच खर्च न करता वसूल करायचा दंड वेगळा आणि भरपाई वेगळी. पण बाँडची रक्कम आपोआप शून्य होत नाही, एवढं नक्की.

तर मग भावाचं काय?

आम्ही दोघं अंगणात बसलो आणि करारावर पेन्सिलीने तीन खुणा केल्या.

बाँडची तीन वर्षं भरून वर चार महिने झाले होते, तेव्हा ते कलम संपलेलं. गुपिताचं कलम चालू, म्हणून मी त्याला विचारलं, कंपनीचं काही आणलंस का? थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, फोनमध्ये सर्व्हिस मॅन्युअलच्या फाइल आहेत आणि कंपनीच्या गिऱ्हाइकांचा तक्ता आहे. त्याला यात काही वावगं वाटलंच नव्हतं. मला मात्र नोटीसपेक्षा याचीच जास्त भीती वाटली, कारण दोन वर्षांची बंदी कोर्टात टिकली नसती, पण हा तक्ता टिकला असता. त्या फाइल त्याने कंपनीला कळवून, तारखेसह लिहून परत केल्या आणि आपल्याकडच्या प्रती काढून टाकल्या.

उरली दोन वर्षांची बंदी. मुदतीनंतरची, तीन राज्यांतली, नावलौकिक न विकणाऱ्या माणसावरची. १८८५ पासून आपली कोर्टं ज्या अटीला नाकारत आली, ती हीच.

मग कंपन्या अशी अट लिहितात तरी का? कारण ती कोर्टाबाहेर चालते. नोटीसची प्रत मिलमालकाला गेली ती उगाच नाही. भावाला खटला जिंकायचा होता, मिलमालकाला मात्र खटलाच नको होता. धान यायच्या दिवसांत गोंदियाच्या कोर्टात तारखा कोण करत बसणार? कायद्याने मेलेलं कलम अशा भीतीवर वर्षानुवर्षं जगतं. दुसरा धोका असतो नोकरी सोडतानाच्या कागदांचा. अनुभवाचा दाखला हवा तर यावर सही कर, असं म्हणून ‘मी कंपनीचे काही देणे लागतो’ असा नवा मजकूर पुढे केला जातो. बंदी टिकत नाही म्हणून तो कबुलीजबाबही टिकणार नाही, असं समजू नका. त्याचा विचार वेगळा होतो.

गोंदियातल्या वकिलांनी नोटीसला पानभर उत्तर दिलं: मुदत पूर्ण केली, नोटीस पिरियड भरला, कागद परत केले, आणि २७ व्या कलमाखाली ही अट रद्द आहे. उत्तराची प्रत मिलमालकालाही दिली. नंतर आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी उत्तर दोनदा वाचलं आणि विचारलं, “म्हणजे पोराने चोरी नाही केली ना?” मी म्हटलं, नाही. तीन वर्षं काम केलं, शिकला, निघाला.

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. “नव्या धानाच्या गाड्या लागल्या आहेत. उद्या सकाळी आठला ये म्हणा.”

कंपनीकडून अजून तरी कोर्टाचं समन्स आलेलं नाही. आलं, तर उत्तर तयार आहे. तुमच्या घरात कोणी नव्या नोकरीच्या करारावर सही करणार असेल, तर पगाराचा आकडा बघून झाल्यावर आणखी एक गोष्ट बघायला सांगा: प्रत्येक बंदीपुढे ‘नोकरीत असताना’ लिहिलंय की ‘नोकरीनंतर’. गोलिकरीचा खटला याच एका फरकावर गेला.